वरचा बोलला की खालचे गप्प

दुकानात एका मिक्सरवर ४,२१५ रुपये आणि शेजारच्यावर ४,१९८ रुपये किंमत लिहिली असेल, तर महाग कोणता हे ठरवायला कोणी वजाबाकी करत बसत नाही. हजाराच्या जागी दोन्हीकडे ४ आहे, म्हणून नजर शतकाकडे जाते. तिथे एकीकडे २ आणि दुसरीकडे १ दिसला की निकाल लागला. त्यापुढे दुसऱ्या किमतीत ९८ आहेत आणि पहिलीत फक्त १५, पण त्यांना आता कोणी विचारत नाही. वरून सुरुवात करायची, जिथे पहिला फरक दिसेल तिथे थांबायचं आणि त्याखालच्या आकड्यांकडे बघायचंच नाही, हा नियम आपण शाळेत कधीतरी शिकलो आणि तो अंगवळणी पडला.

डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या डिजिटल लॉजिकच्या पेपरात हाच नियम दोन वेगवेगळ्या प्रश्नांच्या रूपाने समोर येतो. एक प्रश्न असतो प्रायोरिटी एन्कोडर आखा, दुसरा असतो मॅग्निट्यूड कंपॅरेटर आखा, आणि दोन्ही मूलभूत गेट वापरून. बहुतेक विद्यार्थी दोन्हींची सूत्रं स्वतंत्रपणे पाठ करतात. पण ही सर्किट्स एकाच विचारातून निघतात. तो विचार धरला तर सूत्रं पाठ करावी लागत नाहीत, आणि लिहिलेलं सूत्र चुकलं असेल तर तेही कळतं.

मूलभूत गेट तीनच आहेत. अँड गेटचे सगळे इनपुट १ असतील तरच त्याचा आउटपुट १ येतो. ऑर गेटला एक इनपुट जरी १ मिळाला तरी पुरे. नॉट गेट ० चा १ आणि १ चा ० करतो. सूत्र लिहिताना ऑरसाठी अधिक चिन्ह वापरतात, अँडसाठी अक्षरं शेजारी शेजारी लिहितात आणि नॉटसाठी अक्षराच्या डोक्यावर टिंब द्यावं तसा एक छोटा फराटा देतात: `D2'` म्हणजे D2 च्या उलट.

चार तारा, एक उत्तर

आधी एन्कोडर पाहू. D0 पासून D3 पर्यंत चार तारा आहेत. जी तार १ होईल तिचा क्रमांक दोन बिटांत सांगायचा: तार ० साठी ००, तार १ साठी ०१, तार २ साठी १० आणि तार ३ साठी ११. वरचा बिट Y1, खालचा Y0. वरचा बिट फक्त २ आणि ३ या क्रमांकांत १ असतो, खालचा फक्त १ आणि ३ या क्रमांकांत. म्हणून साधा एन्कोडर दोन ऑर गेटमध्ये संपतो:

```
Y1 = D3 + D2
Y0 = D3 + D1
```

एका वेळी एकच तार १ होत असेल तोवर हे सर्किट निर्दोष आहे. आता D1 आणि D2 एकदम १ करा. Y1 ला D2 मुळे १ मिळतो, Y0 ला D1 मुळे १ मिळतो, आणि उत्तर येतं ११, म्हणजे तार ३. तिला तर कोणी हातही लावलेला नाही. खरा धोका हा आहे की हे उत्तर चुकीचं दिसत नाही. ११ हा पूर्णपणे वैध क्रमांक आहे, त्यामुळे पुढचं सर्किट त्यावर निमूट विश्वास ठेवतं.

प्रत्यक्षात दोन तारा एकदम १ होणं ही रोजची गोष्ट आहे. अभ्यासक्रमातल्या ८०८५ मायक्रोप्रोसेसरला बाहेरच्या उपकरणांनी हाक मारण्यासाठी इंटरप्टच्या पाच तारा आहेत. दोन उपकरणांनी एकाच क्षणी हाक मारली तर आधी कोणाचं ऐकायचं याचा क्रम ठरलेला आहे: सर्वांत आधी TRAP, मग RST 7.5, RST 6.5, RST 5.5 आणि शेवटी INTR. साध्या एन्कोडरच्या पद्धतीने क्रमांक काढला असता, तर हाक न मारणाऱ्या तिसऱ्याच उपकरणाकडे प्रोसेसर वळला असता.

म्हणून तारांना मान ठरवून द्यायचा. D3 सर्वांत मोठा, मग D2, D1 आणि D0. वरची तार बोलली की खालच्या तारा काय म्हणतात याने फरक पडता कामा नये. हे वाक्य ट्रुथ टेबलमध्ये असं उतरतं:

```
D3 D2 D1 D0 | Y1 Y0 V
 0  0  0  0 |  X  X 0
 0  0  0  1 |  0  0 1
 0  0  1  X |  0  1 1
 0  1  X  X |  1  0 1
 1  X  X  X |  1  1 1
```

चार इनपुट म्हणजे सोळा ओळी हव्यात, इथे दिसतात पाचच. बाकीच्या X मध्ये सामावल्या आहेत. इनपुटच्या रकान्यातला X म्हणजे "० असो वा १, दोन्ही", म्हणून एक X असलेली ओळ दोन ओळींच्या जागी आहे, दोन X असलेली चारच्या आणि तीन X असलेली आठच्या. १ + १ + २ + ४ + ८ म्हणजे सोळा. हिशेब जुळला म्हणजे एकही स्थिती सुटलेली नाही. आउटपुटच्या रकान्यातला X मात्र वेगळा आहे. "इथे काहीही आलं तरी चालेल, तुम्हाला सोयीचं ते घ्या", असा त्याचा अर्थ. एक X सगळ्या शक्यता भरायला लावतो, दुसरा निवडीची मोकळीक देतो. उत्तरपत्रिकेत हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले की के-मॅप बिघडतो: शेवटच्या ओळीसाठी आठ चौकोनांत १ भरायचा असताना एकाच चौकोनात भरला जातो, आणि पुढचं सगळं उत्तर त्या चुकीवर उभं राहतं.

आता सूत्र. Y1 शेवटच्या दोन ओळींत १ आहे, म्हणजे `D3 + D3'D2`. यातला `D3'` काढून टाकता येतो, कारण D3 स्वतः १ असेल तेव्हा पहिल्या पदामुळे उत्तर आधीच १ झालेलं असतं, आणि D3 ० असेल तेव्हा `D3'` नुसता १ असतो. उरतं `D3 + D2`. Y0 तिसऱ्या आणि पाचव्या ओळीत १ आहे: `D3 + D3'D2'D1`. इथेही त्याच कारणाने `D3'` गळतो, पण `D2'` गळत नाही. D2 आणि D1 दोन्ही १ असतील आणि D3 ० असेल, तर उत्तर १० यायला हवं, म्हणजे Y0 ० हवा. त्या वेळी D1 ला गप्प बसवणारा `D2'` शिवाय दुसरा कोणी नाही.

```
Y1 = D3 + D2
Y0 = D3 + D2'D1
V  = D3 + D2 + D1 + D0
```

साध्या एन्कोडरच्या सूत्रांशी ताडून पाहिलं तर क्रमांक काढण्यात बदल केवढा झाला? एक नॉट आणि एक अँड. D1 च्या वाटेवर D2 चा पहारा बसला, एवढंच. परीक्षेत हमखास सुटतो तोही हाच पहारा. उत्तर लिहून झाल्यावर D2 = 1, D1 = 1 ही एकच जोडी सूत्रात घालून पाहावी. १० आलं तर ठीक. ११ आलं तर लिहिलेला एन्कोडर प्रायोरिटीचा नाही, साधाच आहे.

तिसरा आउटपुट V अनेकांना शोभेचा वाटतो आणि तो लिहायचा राहतो. पण फक्त D0 १ असताना उत्तर ०० येतं, आणि कोणतीच तार १ नसतानाही वरच्या सूत्रांतून ०० च येतं. "शून्य क्रमांकाने हाक मारली" आणि "कोणीच हाक मारली नाही" यांतला फरक फक्त V सांगतो.

ब्रेडबोर्डवर हे जोडताना एक सुरेख हिशेब जमतो. V साठी D3 आणि D2 पुन्हा एकत्र करायची गरज नाही, ते काम Y1 ने केलेलंच आहे. Y1 चा एक ऑर, Y0 चा एक, D1 आणि D0 चा एक, आणि हा निकाल Y1 शी जोडणारा एक: एकूण चार. ७४३२ या चिपमध्ये दोन इनपुटांचे ऑर गेट असतातही चारच. सोबत नॉटसाठी ७४०४ आणि अँडसाठी ७४०८, दोन्हींतला एकेक गेट वापरायचा.

सर्किट बरोबर असूनही उत्तर सतत ११ येत असेल तर आधी D3 ची तार पाहावी. टीटीएल जातीच्या चिपमध्ये मोकळी सोडलेली इनपुट पिन सहसा १ समजली जाते. D3 जोडायची राहिली, तर सर्वांत मोठा मान असलेली तार कायम बोलत राहते आणि बाकीच्या तिघींचं कोणी ऐकत नाही. न वापरलेली तार ग्राउंडला जोडली की प्रश्न मिटतो.

दोन संख्यांची तुलना

कंपॅरेटरमध्ये A आणि B या दोन संख्या येतात आणि तीन दिवे असतात: G म्हणजे A मोठा, E म्हणजे दोन्ही समान, L म्हणजे A लहान. दोन-दोन बिटांच्या संख्या असतील तर ट्रुथ टेबल सोळा ओळींचं होतं आणि के-मॅपने काम भागतं. चार-चार बिटांसाठी मात्र २५६ ओळी लागतात. त्यांपैकी १६ ओळींत संख्या समान, १२० ओळींत A मोठा आणि १२० ओळींत B मोठा. हे टेबल कोणी लिहीत नाही, आणि लिहायची गरजही नाही, कारण मिक्सरच्या किमती पाहताना वापरलेला नियम हाताशी आहे.

आधी एकाच स्थानाकडे पाहू. A चा बिट १ आणि B चा ० असेल तर त्या स्थानी A वरचढ: `AB'`. उलट असेल तर B वरचढ: `A'B`. दोन्हींपैकी काहीच नसेल तर बिट समान आहेत. या समानतेला x म्हणू. पुस्तकात ती एक्सनॉर गेटने दाखवतात, पण `AB'` आणि `A'B` आपल्याला लागणारच आहेत; त्या दोघांना ऑरमधून नेऊन नॉट लावला की x मिळतो. वेगळं काही बांधावं लागत नाही.

आता चार बिटांच्या संख्येत A मोठा कधी? तिसऱ्या स्थानी A वरचढ असेल तेव्हा. किंवा तिसरं स्थान समान असून दुसऱ्या स्थानी A वरचढ असेल तेव्हा. किंवा तिसरं आणि दुसरं दोन्ही समान असून पहिल्या स्थानी A वरचढ असेल तेव्हा. हेच वाक्य शून्याव्या स्थानापर्यंत नेलं आणि "किंवा"च्या जागी अधिक चिन्ह ठेवलं की सूत्र तयार होतं:

```
G = A3B3' + x3A2B2' + x3x2A1B1' + x3x2x1A0B0'
L = A3'B3 + x3A2'B2 + x3x2A1'B1 + x3x2x1A0'B0
E = x3x2x1x0
```

एन्कोडरमध्ये D1 वर `D2'` चा पहारा होता, तसा इथे प्रत्येक स्थानावर वरच्या सगळ्या x चा पहारा आहे. वरच्या स्थानी कुठेही फरक पडला की तिथला x शून्य होतो आणि त्याखालची सगळी पदं एका झटक्यात मिटतात.

A ला ०१११ म्हणजे ७ आणि B ला १००० म्हणजे ८ घेऊन पाहा. खालच्या तिन्ही स्थानी A वरचढ आहे, पण तिसऱ्या स्थानी A मध्ये ० आणि B मध्ये १ आहे. त्यामुळे x3 शून्य, G ची मागची तिन्ही पदं शून्य, आणि पहिलं पद `A3B3'` तेही शून्य. L मध्ये मात्र `A3'B3` ने १ दिला. A लहान, उत्तर बरोबर.

याच जोडीवर चुकीचं सूत्र तपासू. x लिहायचे विसरून कोणी `G = A3B3' + A2B2' + A1B1' + A0B0'` असं लिहिलं आणि L मध्येही तसंच केलं, तर G ला खालच्या तीन पदांतून १ मिळतो आणि L ला वरच्या पदातून. मोठा आणि लहान, दोन्ही दिवे एकदम लागतात. कंपॅरेटरची परीक्षा घेण्याचा यापेक्षा सोपा मार्ग नाही: कोणत्याही इनपुटला तीन दिव्यांपैकी नेमका एकच लागला पाहिजे. दोन लागले किंवा एकही लागला नाही, तर कुठेतरी पहारा सुटला आहे.

गेट वाचवण्यासाठी L वेगळा न बांधता "G नाही आणि E नाही म्हणजे L" असं करता येतं. त्यासाठी G आणि E चा ऑर घेऊन त्याला नॉट लावायचा. हे योग्य आहे आणि परीक्षेतही चालतं. फक्त त्या बदल्यात एक गोष्ट हातची जाते. G चुकून १ झाला की L आपोआप ० होतो, दोन दिवे एकदम लागतच नाहीत, आणि चूक लपून राहते. प्रयोगशाळेत पहिल्यांदा जोडताना तिन्ही स्वतंत्र बांधलेले बरे.

दोन बिटांच्या प्रश्नात आणखी एक गोंधळ होतो. वरच्या पद्धतीने `G = A1B1' + x1A0B0'` येतं, तर के-मॅपमधून `G = A1B1' + A0B1'B0' + A1A0B0'` येतं. उत्तरं जुळत नाहीत म्हणून विद्यार्थी बरोबर उत्तर खोडतात. खरं तर दोन्ही एकच आहेत. के-मॅपची शेवटची दोन पदं A1 = 1, B1 = 0 या स्थितीतही १ होऊ शकतात, पण तिथे पहिल्या पदामुळे G आधीच १ असतो, म्हणून त्याने काही बिघडत नाही.

दोन्ही सर्किट्सची गाठ

आता दोन्ही प्रश्न एकमेकांना जोडून पाहू. चार बिटांच्या A आणि B मध्ये प्रत्येक स्थानी फरक आहे का, एवढंच विचारा. फरक असेल तर १, नसेल तर ०. म्हणजे x च्या उलट. हे चार बिट मिळाले की ते आपल्या प्रायोरिटी एन्कोडरच्या D3 ते D0 या तारांना जोडा. एन्कोडर सांगेल की फरक असलेलं सर्वांत वरचं स्थान कोणतं. त्या स्थानी A चा बिट १ असेल तर A मोठा, ० असेल तर A लहान.

A १०११ आणि B १००१ घ्या, म्हणजे ११ आणि ९. फरकाचे बिट ००१०, एन्कोडरचं उत्तर ०१, पहिल्या स्थानी A मध्ये १ आहे, म्हणून A मोठा. मघाची ७ आणि ८ ची जोडी घेतली तर फरकाचे बिट ११११ येतात. चारही तारा एकदम बोलतात, एन्कोडर फक्त तिसरीचं ऐकतो आणि ११ सांगतो. त्या स्थानी A मध्ये ० आहे, म्हणून A लहान. आणि ०११० विरुद्ध ०१११? फरकाचे बिट ०००१, उत्तर ००, V १. दोन्ही संख्या अगदी सारख्या असत्या तरी उत्तर ०० च आलं असतं, पण V ० झाला असता. शोभेचा वाटणारा V इथे E दिव्याचं काम करतो: V शून्य म्हणजे संख्या समान.

पेपरात कंपॅरेटर असा बांधू नये, कारण सांगितलेल्या स्थानाचा A चा बिट उचलायला आणखी गेट लागतात आणि निकालही उशिरा येतो. पण G च्या सूत्रातले ते x कुठून आले हे या जोडणीतून उघड दिसतं. कंपॅरेटरच्या पोटात प्रायोरिटी एन्कोडरचाच नियम आहे.

बिट वाढत गेले की G चं शेवटचं पद लांबत जातं. चार बिटांत त्या अँड गेटला पाच इनपुट लागतात, आठ बिटांत नऊ लागतील. म्हणून ७४८५ ही चार बिटांची तयार चिप वापरताना आठ बिटांसाठी दोन चिप एकमेकींना जोडतात. खालच्या चार बिटांच्या चिपचे तीन आउटपुट वरच्या चिपच्या तीन जादा इनपुटांना जातात, आणि वरचे चारही बिट समान निघाले तरच वरची चिप खालचीचं ऐकते. खालच्या चिपच्या जादा इनपुटांपैकी "समान" हा १ ला आणि बाकी दोन ० ला जोडायचे असतात. तिन्ही ० ला जोडले तर असमान संख्यांची उत्तरं बरोबर येत राहतात आणि चूक लक्षातही येत नाही. मग कधीतरी दोन सारख्या संख्या येतात आणि मोठा व लहान हे दोन्ही दिवे लागतात. म्हणून तपासताना समान संख्यांची एक जोडी न चुकता घ्यावी.

शेवटची मर्यादा ऋण संख्यांची. हा कंपॅरेटर ११११ ला १५ समजतो. टू'ज कॉम्प्लिमेंट पद्धतीत मात्र ११११ म्हणजे वजा १, आणि तो ०००१ पेक्षा लहान आहे. आपलं सर्किट त्याला बेधडक मोठा ठरवतं. याचं कारण असं की त्या पद्धतीत सर्वांत वरचा बिट १ असणं म्हणजे संख्या ऋण असणं, म्हणून त्या एका स्थानी १ पेक्षा ० वरचढ ठरतो. खालच्या तीन स्थानांचा नियम मात्र तसाच राहतो: दोन्ही संख्यांचं चिन्ह सारखं असेल तर नेहमीसारखी तुलना करायची. त्यामुळे दुरुस्ती फक्त वरच्या स्थानी लागते. A3 आणि B3 या दोन तारांची अदलाबदल करा. x3 ला त्याने काही फरक पडत नाही, कारण समान ते समानच राहतं. बाकी एकही तार न हलवता तेच सर्किट वजा ८ पासून अधिक ७ पर्यंतच्या संख्यांची बरोबर तुलना करू लागतं.